टी-शर्टवरची बारीक अक्षरे भरू नयेत म्हणून रेषेची किमान जाडी किती ठेवावी?

प्रश्न: मी सांगलीत टी-शर्ट छपाईचे काम करतो. गणपतीच्या दिवसांत मंडळांची आणि क्रीडा प्रतिष्ठानांची बरीच कामे येतात. काळ्या शर्टवर पांढऱ्या प्लास्टिसोलने छापताना मोठे नाव चांगले येते, पण त्याखालच्या लहान ओळीतली अक्षरे भरतात. ‘ष्ठ’ नुसता ठिपका दिसतो. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. जाळी ४३ टी वापरतो. अक्षराची रेषा कमीत कमी किती जाड ठेवली म्हणजे ती भरणार नाही?

उत्तर: आधी आकडे देतो, कारण काम हातात असेल तर ते लगेच लागतील. काळ्या सुती शर्टवर पांढरी शाई मध्ये फ्लॅश करून, म्हणजे पहिला थर उष्णतेने जेमतेम सुकवून, दोनदा ओढायची असेल, तर पॉझिटिव्हवर, म्हणजे स्क्रीनसाठी ट्रेसिंगवर किंवा फिल्मवर काढलेल्या काळ्या छापावर, दोन रेषांमधली मोकळी जागा ०.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. अक्षराची रेषा स्वतः ०.३ मिलिमीटरपर्यंत बारीक चालते, मात्र त्यासाठी जाळी ६१ टी, म्हणजे सेंटिमीटरला ६१ धाग्यांची, किंवा त्याहून बारीक हवी. ४३ टी जाळीवर रेषा ०.४ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. फिक्या शर्टवर गडद शाई एकदाच ओढायची असेल, तर मोकळी जागा ०.५ मिलिमीटर ठेवली तरी पुरते. हे आकडे तीस नंबर सुताच्या साध्या सिंगल जर्सी कापडासाठी आहेत. तुमच्या टेबलावर ते थोडे वर किंवा खाली सरकतील आणि नेमके किती सरकतात हे कसे मोजायचे, ते पुढे सांगतो.

आपण विचारली आहे रेषेची जाडी. पण आपल्या शर्टवर जे बिघडते आहे ते रेषेमुळे नव्हे, तर रेषांमधल्या मोकळ्या जागेमुळे बिघडते आहे. रेषा फार बारीक असेल तर ती तुटते, फिकी येते किंवा स्क्रीनमध्ये उघडतच नाही. अक्षर भरते तेव्हा मात्र दोन्ही बाजूंच्या रेषा छापताना फुगलेल्या असतात आणि मधली जागा त्यांनी खाल्लेली असते. म्हणून अक्षरे भरतात या तक्रारीवर रेषा जाड करणे हा उपाय केला, तर अक्षरे आणखी भरतात. सातारा-सांगलीकडच्या छपाईवाल्यांकडे मी हे अनेकदा पाहिले आहे: लहान ओळ नीट उमटत नाही म्हणून डिझायनर तिला ठळक फॉन्ट लावतो, आणि जी थोडीफार पोकळी शिल्लक होती तीही जाते. किमान जाडी ठरवताना दोन वेगळी मापे धरावी लागतात, एक शाईच्या रेषेचे आणि दुसरे कोऱ्या कापडाच्या रेषेचे. यांतले दुसरे माप नेहमी मोठे असते.

देवनागरीत हे दुसरे माप अधिक महत्त्वाचे ठरते, कारण आपल्या कित्येक अक्षरांची ओळखच एखाद्या लहानशा मोकळ्या जागेवर अवलंबून असते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत शिरोरेषेतली फट हीच मुख्य खूण आहे. ती फट शाईने भरली की साताऱ्याच्या धावपटूंच्या शर्टवरचा ‘धावपटू’ हा ‘घावपटू’ दिसू लागतो. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ दोन्ही बाजूंना मोकळी जागा असली तरच दिसते, ती जागा भरली की ‘ब’ आणि ‘व’ हे दोन्ही सारखेच गोळे होतात. ‘ष’ आणि ‘प’ यांचेही तसेच आहे. रोमन अक्षरांत ‘ओ’चे पोट भरले तरी शब्द वाचता येतो, इथे मात्र शब्द बदलतो, आणि ज्या गिऱ्हाइकाचे नाव चुकीचे छापले गेले त्याला शाईच्या फुगण्याचे कारण सांगून उपयोग नसतो.

आता ही जागा जाते कुठे, ते पाहू. पॉझिटिव्हवरची काळी रेषा शर्टवर पोहोचेपर्यंत तिची जाडी दोन ठिकाणी बदलते आणि हे दोन बदल एकमेकांच्या उलट दिशेने होतात. पहिला बदल स्क्रीन एक्स्पोज करताना होतो. काळ्या रेषेच्या खाली इमल्शन मऊ राहून धुतले जायला हवे. पण पॉझिटिव्ह इमल्शनला घट्ट टेकलेले नसेल, उजेड जास्त वेळ दिला असेल किंवा ट्रेसिंगवरचा टोनर पुरेसा काळा नसेल, तर उजेड रेषेच्या कडेखाली शिरतो आणि तिथले इमल्शनही कडक होते. त्यामुळे स्क्रीनमधली उघडलेली रेषा पॉझिटिव्हपेक्षा बारीक होते. पांढऱ्या जाळीत धाग्यांवरून उजेड पसरत असल्याने हे जास्त होते आणि पिवळ्या जाळीत कमी होते. दुसरा बदल शाई ओढताना होतो. शाई कापडावर दाबली जाते, बाजूला पसरते आणि रेषा जाड होते. काळ्या कापडावर पांढरा रंग भरीव दिसावा म्हणून आपण शाई दोनदा ओढतो, तेव्हा हे पसरणे वाढते, कारण दुसरा थर पहिल्या थराच्या कडांवरून बाहेर उतरतो आणि शिवाय फ्रेम पुन्हा अगदी त्याच जागी बसेल याची खात्री नसते.

या दोन बदलांची गफलत झाली की उपायही चुकतो. म्हणून शर्टकडे पाहण्याआधी स्क्रीन पाहावी. धुवून वाळलेली स्क्रीन उजेडासमोर धरावी आणि कापड तपासण्याच्या मापाच्या भिंगाने तीच रेषा पॉझिटिव्हवर आणि स्क्रीनवर मोजावी. स्क्रीनवरची रेषा पॉझिटिव्हइतकीच असेल आणि शर्टवर ती जाड आली असेल, तर दोष शाईत, शाई ओढायच्या रबरात किंवा दाबात आहे. स्क्रीनवरच रेषा बारीक असेल किंवा तिची कड करवतीच्या दात्यांसारखी असेल, तर दोष एक्स्पोजमध्ये किंवा इमल्शनच्या थरात आहे. दात्यांसारखी कड अक्षर भरण्यालाही कारण होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इमल्शनचा थर फार पातळ असला की तो जाळीच्या उंचसखल धाग्यांप्रमाणेच वरखाली होतो, स्क्रीन कापडावर सपाट टेकत नाही आणि राहिलेल्या फटींतून शाई रेषेबाहेर झिरपते. छपाईच्या बाजूने दोन आणि रबराच्या बाजूने एक असे थर देऊन, छपाईची बाजू खाली ठेवून स्क्रीन वाळवली, तर कड पुष्कळ स्वच्छ मिळते.

जाळीचा हिशेब सोपा आहे. रेषा स्वच्छ उघडायची असेल तर तिच्या रुंदीत निदान दोन पूर्ण छिद्रे आणि मधला एक धागा बसायला हवा, नाहीतर एखादा धागा नेमका रेषेच्या मधोमध येऊन तिला तोडतो. ४३ टी जाळीत एका सेंटिमीटरमध्ये ४३ धागे असतात. धागा ८० मायक्रॉनचा धरला तर छिद्र सुमारे १५० मायक्रॉनचे मिळते. दोन छिद्रे आणि एक धागा मिळून ३८० मायक्रॉन, म्हणजे ०.३८ मिलिमीटर झाले. ६१ टी जाळीत ६४ मायक्रॉनचा धागा आणि साधारण ९५ मायक्रॉनचे छिद्र धरले, तर हाच हिशेब ०.२५ मिलिमीटरवर येतो. ७७ टी जाळीत ५५ मायक्रॉनचा धागा आणि सुमारे ७० मायक्रॉनचे छिद्र धरले, की तो ०.२ मिलिमीटरपर्यंत उतरतो. जाळी जितकी बारीक तितकी शाई कमी पडते, आणि काळ्या कापडावर पांढऱ्याला भरीवपणा हवा असतो. म्हणून लहान अक्षरांच्या पांढऱ्या छपाईला मला ६१ टी ही सोयीची मधली जागा वाटते. ७७ टी वापरून पांढरा भरीव आणता येतो, पण त्यासाठी शाई आणि फ्लॅश दोन्ही फार नेमके ठेवावे लागतात.

पण नुसती जाळी बदलून अक्षरे भरायची थांबणार नाहीत, कारण शेवटची मर्यादा कापडाची असते. तीस नंबर सुताच्या सिंगल जर्सीवर भिंग ठेवून एका सेंटिमीटरमधल्या उभ्या विणीच्या ओळी मोजल्या, तर त्या चौदा-पंधराच्या आसपास भरतात. म्हणजे विणीची एक ओळ सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असते. शाई विणीच्या फुगीर भागावर बसते आणि एका ओळीवर दोन बाजूंनी आलेली शाई तिथे सहज एकमेकींना भेटते. छापून झाल्यावर ०.३५ मिलिमीटरपेक्षा अरुंद राहिलेली फट म्हणजे विणीच्या निम्म्या ओळीपेक्षाही अरुंद फट. ती काही शर्टांवर दिसते, काहींवर दिसत नाही, आणि एकाच शर्टवर एका अक्षरात दिसून दुसऱ्यात नाहीशी होते. म्हणून छापून उरणारी फट निदान ०.३५ मिलिमीटर असावी हा पाया मी धरतो आणि पॉझिटिव्हवर ती किती ठेवायची हे त्यात शाईचे पसरणे मिळवून काढतो.

हे पसरणे प्रत्येकाच्या टेबलावर वेगळे असते आणि ते मोजायला अर्धा तास पुरतो. कोरलड्रॉमध्ये १ मिलिमीटर जाडीच्या काही पट्ट्या काढाव्यात: थोड्या उभ्या, थोड्या आडव्या आणि थोड्या तिरप्या. त्यांच्या शेजारी ०.२ पासून ०.१ च्या टप्प्याने वाढत १ मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या रेषा घ्याव्यात आणि त्याच मापांच्या फटी एका भरीव चौकोनातही कापाव्यात. हा नमुना रोजच्या कामाच्याच जाळीवर, त्याच इमल्शनने आणि तेवढ्याच वेळाच्या एक्स्पोजने तयार करावा. नंतर रोजच्याच शाईने, मध्ये फ्लॅश करून दोनदा ओढून त्याच प्रकारच्या काळ्या शर्टवर छापावा. शाई पूर्ण पिकल्यावर १ मिलिमीटरची पट्टी भिंगाने मोजावी. ती १.२४ भरली, तर रेषा एकूण ०.२४ ने, म्हणजे दर कडेला ०.१२ ने फुगली. दोन वेळा ओढलेल्या पांढऱ्या शाईसाठी दर कडेला ०.१ ते ०.१५ हे सामान्य आहे. फिक्या शर्टवर एकदाच ओढलेल्या शाईसाठी ते याच्या जवळपास निम्मे येते. आडव्या आणि उभ्या पट्ट्यांत मोठा फरक दिसला, तर रबर ओढण्याच्या दिशेत शाई घसरते आहे असे समजावे. आपली शिरोरेषा आडवी असल्याने आणि तिच्या लगेच वर अनुस्वार व मात्रा असल्याने हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

आता आपल्यासारखेच एक काम आकड्यांसह करून दाखवतो. मोठ्या नावाखाली ‘क्रीडा प्रतिष्ठान, सांगली’ अशी ओळ आहे. ती ९० मिलिमीटर लांब आहे आणि शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षर ५ मिलिमीटर उंच आहे. अक्षरे Ctrl+Q ने कर्व्हमध्ये बदलून मोजली, तेव्हा उभा दंड ०.५५ मिलिमीटर, ‘ष’मधली तिरपी रेघ ०.३५, त्या रेघेची शेजारच्या रेषेपासूनची फट सर्वांत अरुंद जागी ०.३, आणि ‘सां’वरच्या अनुस्वाराची शिरोरेषेपासूनची फट ०.३५ भरली. ‘ठ’चे पोट ऐसपैस असल्याने त्याची काळजी नाही. मोजताना नेहमी त्या ओळीतले सर्वांत अवघड अक्षर शोधावे. इथे ते ‘ष्ठ’ आहे. दर कडेला ०.१२ पसरणे धरले, की ‘ष’मधल्या ०.३ फटीतून ०.२४ जाते आणि उरते ०.०६. म्हणजे ती भरणारच. अनुस्वाराची फट ०.११ उरते, तीही कापडावर टिकणार नाही. शर्टवर जे दिसते ते या वजाबाकीत छपाईच्या आधीच दिसत होते.

पहिला उपाय अक्षर मोठे करण्याचा. फक्त मोठे करूनच ०.३ ची फट ०.६ वर न्यायची, तर ओळ दुप्पट करावी लागेल. ती १८० मिलिमीटर लांब होईल आणि वरच्या नावाशी झगडू लागेल. म्हणून मी ओळ थोडी मोठी करतो आणि उरलेले काम रेषा आतून बारीक करून साधतो. ओळ १.४ पट केली, की ती १२६ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर उंच होते, आणि छातीवर ती शोभते. आता दंड ०.७७, तिरपी रेघ ०.४९, ‘ष’मधली फट ०.४२ आणि अनुस्वाराची फट ०.४९ झाली. यानंतर कोरलड्रॉमधील Contour आतल्या बाजूला ०.१ मिलिमीटर लावावा, Ctrl+K ने तो वेगळा करावा आणि बाहेरचे मूळ अक्षर काढून आतले बारीक अक्षर तेवढे ठेवावे. प्रत्येक रेषा ०.२ ने कमी होते आणि प्रत्येक फट ०.२ ने वाढते: दंड ०.५७, तिरपी रेघ ०.२९, ‘ष’मधली फट ०.६२, अनुस्वाराची फट ०.६९. पडद्यावर हे अक्षर किरकोळ आणि अशक्त दिसेल, आणि डिझायनर त्याबद्दल कुरकुर करील. पण छापल्यावर दंड ०.८१, तिरपी रेघ ०.५३ आणि ‘ष’मधली फट ०.३८ येईल, म्हणजे शर्टवर अक्षर मूळ डिझाइनच्या जवळ परत येते.

मात्र तिरप्या रेघेचे ०.२९ हे माप पाहा. ६१ टी जाळीला ०.२५ लागतात, तेव्हा ती रेघ तिथे उघडेल. आपल्या ४३ टी जाळीला ०.३८ लागतात, तेव्हा तिथे ती तुटेल आणि ‘ष’चा ‘प’ होईल. म्हणून रेषा बारीक करण्याचा हा उपाय ४३ टी जाळीवर ठेवून करू नये. मोठे नाव भरीव हवे म्हणून ४३ टी सोडायची नसेल, तर मोठ्या नावाची एक आणि लहान ओळीची दुसरी अशा दोन स्क्रीन कराव्यात. एक फ्रेम वाढते खरी, पण शंभर शर्टांच्या कामात ती परवडते, आणि खराब झालेले शर्ट भरून देण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

Contour लावण्याआधी एक गोष्ट जरूर तपासावी. देवनागरी अक्षरे कर्व्हमध्ये बदलली, की शिरोरेषा, मात्रा आणि दंड हे कित्येकदा एकमेकांवर चढलेले वेगवेगळे तुकडे राहतात. तसेच Contour लावला, तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आक्रसतो आणि अक्षरांच्या मधोमध शिरोरेषेत बारीक चिरा पडतात. आधी Weld करून ओळ एकसंध करावी आणि Wireframe दृश्यात आत कुठे रेषा उरलेली नाही ना, हे पाहावे. उलट जिथे अक्षराभोवती बाह्यरेषा देऊन फॉन्ट ठळक केलेला असेल, तिथे ती बाह्यरेषा आधी काढून टाकावी, कारण फटी खाणारी ती पहिली गोष्ट असते आणि मोजताना ती नजरेतून सुटते.

पॉझिटिव्ह कशावर काढले आहे यालाही इथे महत्त्व आहे. लेझर प्रिंटरमधून ट्रेसिंग काढताना कागद उष्णतेने आक्रसतो आणि टोनर भरीव भागात जाळीदार पडतो. मोठ्या अक्षरांना ते चालून जाते. ०.२९ मिलिमीटरच्या रेघेतून मात्र उजेड आरपार गेला, की ती रेघ स्क्रीनवर अर्धवटच उघडते. अशा ओळीसाठी चांगल्या काळेपणाची फिल्म काढून घ्यावी, ती छापील बाजूने इमल्शनला टेकवावी आणि वर काच दाबून ठेवावी. फिल्मची पाठ इमल्शनकडे राहिली तर फिल्मच्या जाडीइतके अंतर पडते आणि उजेडाला कडेखाली शिरायला तेवढी वाट पुरते.

एवढे करूनही टेबलावर अक्षरे भरू लागली, तर ती कशी भरतात ते पाहावे. पहिल्याच शर्टवर सगळ्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या भरल्या असतील, तर दाब जास्त आहे, रबराची धार गोल झाली आहे किंवा स्क्रीन कापडाला सतत टेकून आहे. रबर ७० शोअरच्या आसपासचे आणि धारदार असावे, स्क्रीन आणि कापड यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर असावे आणि रबर पुढे गेल्याबरोबर जाळी कापडावरून सुटली पाहिजे. पहिले काही शर्ट स्वच्छ येऊन पुढे अक्षरे भरत गेली, तर शाई स्क्रीनच्या खालच्या बाजूला जमते आहे. स्क्रीन खालून कोरड्या फडक्याने पुसावी, पुन्हा भरल्यास दाब कमी करावा. सगळ्या अक्षरांच्या फटी एकाच बाजूने भरल्या आणि दुसऱ्या बाजूची कड स्वच्छ राहिली, तर शाईला दोष देऊ नये. तिथे दुसऱ्यांदा ओढताना फ्रेम किंवा शर्ट सरकलेला असतो. फ्लॅशच्या उष्णतेने शर्ट टेबलाच्या गमवरून सुटून किंचित आक्रसतो, तेव्हाही असेच होते. ०.३८ मिलिमीटरच्या फटीत ०.१ मिलिमीटरचे सरकणे म्हणजे पाव हिस्सा गेला. म्हणून लहान ओळीचे काम असेल तेव्हा फ्रेमचा अडसर घट्ट आहे का, गम ताजा आहे का आणि फ्लॅश गरजेपेक्षा जास्त वेळ तर धरला जात नाही ना, हे आधी पाहावे. पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला, की फ्लॅश थांबवावा.

खादी किंवा दुसरी पाण्याची शाई वापरली, तर याच बारीक रेषांत उलट अडचण येते. प्लास्टिसोल स्क्रीनवर वाळत नाही, ही शाई वाळते, आणि सर्वांत आधी बारीक रेघांतच वाळते, कारण तिथून शाईची ये-जा सर्वांत कमी असते. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे हे फार लवकर होते. तिथे ‘ष’मधली रेघ आधी फिकी होते, मग तुटते. म्हणून पाण्याच्या शाईसाठी पॉझिटिव्हवरची रेषा ०.३ ऐवजी ०.४ मिलिमीटर ठेवावी, फट मात्र तेवढीच मोठी ठेवावी, आणि त्यासाठी लागणारी जागा अक्षर आणखी थोडे मोठे करून मिळवावी. प्रत्येक ओढीनंतर शाईचा थर जाळीवर परत पसरून ठेवावा, म्हणजे छिद्रे उघडी पडून वाळत नाहीत.

फॉन्ट निवडण्याची मोकळीक असेल, तर लहान ओळीसाठी ज्याची रेषा सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची आहे, पोटे रुंद आहेत आणि जोडाक्षरे मोकळी मांडलेली आहेत, असा फॉन्ट घ्यावा. बोरूच्या वळणाचे फॉन्ट मोठ्या नावाला शोभतात, पण लहान आकारात त्यांची बारीक टोके जाळीच्या मर्यादेखाली जातात आणि जाड भाग फटी खातात. दोन्ही अडचणी एकाच अक्षरात येतात. ‘ष्ठ’, ‘ष्ट्र’, ‘श्री’, ‘द्ध’ असलेल्या ओळी फॉन्ट ठरवण्यापूर्वीच त्या फॉन्टमध्ये टाइप करून मोजाव्यात. अक्षरांमधले अंतर थोडे वाढवले, तर शेजारच्या मात्रा एकमेकींत मिसळत नाहीत. पण शिरोरेषा अखंड दिसावी लागते, तेव्हा अंतर वाढवल्यावर ती मध्ये तुटलेली नाही ना, हे पाहून गरजेप्रमाणे जोडून घ्यावी.

वरचे सगळे आकडे साध्या जर्सीचे आहेत. कॉलरच्या मॅटी शर्टवर विणीचे खळगे मोठे असतात. तिथे बारीक रेघ खळग्यावर आली की तुटते आणि उंचवट्यावर आली की पसरते. म्हणून मॅटीवर मी ८ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची देवनागरी ओळ स्क्रीनने छापण्याचे काम घेत नाही. पॉलिस्टरच्या ड्रायफिट शर्टाची वीण बारीक असली तरी कापड ताणले जाते, आणि गमवर लावताना ताणलेला शर्ट सुटल्यावर फटी अरुंद होतात. तो न ताणता नुसता ठेवावा. गिऱ्हाइकाला ५ मिलिमीटर उंचीचीच ओळ हवी असेल, तीही पातळ रेषांची आणि जोडाक्षरांनी भरलेली, तर मोठे नाव स्क्रीनने छापून ती ओळ डीटीएफवर, म्हणजे वेगळ्या फिल्मवर छापून, उष्णतेने चिकटवावी. तिथे शाई कापडात पसरत नाही, त्यामुळे ‘ष’मधली ०.३ मिलिमीटरची फट टिकण्याची शक्यता स्क्रीनपेक्षा खूपच जास्त असते. दोन्हींचा पांढरा किंचित वेगळा दिसतो, तेवढे गिऱ्हाइकाला एका शर्टावर आधी दाखवून घ्यावे.